वारंवारितेवरून प्राथमिक शब्दयादी

एखाद्या भाषेतील मोठ्या मजकूरसंग्रहात (भाषासंग्रहात) प्रत्येक शब्द किती वेळा येतो हे मोजून, सर्वाधिक वापराचे शब्द नवशिक्यांसाठी निवडण्याची ही पद्धत आहे. पद्धतीची खरी कसोटी मोजणीपेक्षा ‘एक शब्द’ कशाला म्हणायचे हे ठरवताना लागते. गोव्यातील मराठी भाषकासाठी देवनागरी कोंकणीची यादी करायला घेतली की ते लगेच कळते.

पहिली अडचण संगणकाची. पायथॉनच्या `re` मध्ये `\w+` वापरून शब्द तोडले, तर काना, मात्रा आणि अनुस्वार अक्षर धरले जात नाहीत. ‘घरांत’चे ‘घर’ आणि ‘त’ असे तुकडे होतात. यादीच्या माथ्यावर एकाक्षरी शब्दांची गर्दी दिसली, तर चूक इथे झाली असे समजावे.

त्यानंतर रूपे. समजा १० लाख शब्दांच्या संग्रहात ‘घर’ १२० वेळा, ‘घरांत’ २१०, ‘घराक’ ६० आणि ‘घराचें’ ९० वेळा आले. वेगवेगळे मोजले तर हे चौघेही मागे पडतात. मूळ शब्दाखाली एकत्र केले तर ४८० होतात आणि ‘घर’ बरेच वर सरकते. क्रियापदांत हे अधिक अवघड, कारण ‘वचप’ (जाणे) या एकाच क्रियापदाची ‘वता’, ‘गेलो’ आणि ‘वचूंक’ ही रूपे आहेत. शेवटची अक्षरे छाटून ‘गेलो’ काही ‘वचप’पर्यंत पोचत नाही. अशा जोड्या हातानेच लावाव्या लागतात.

नुसती बेरीजही फसवते. संग्रह बातम्यांचा असेल तर ‘आमदार’ पुढे आणि ‘उदक’ (पाणी) मागे जाण्याचा धोका असतो. म्हणून संग्रहाचे, समजा, २० भाग पाडतात आणि शब्द किती भागांत आला हेही पाहतात. ‘आमदार’ ४०० वेळा, पण ६ भागांतच आला आणि ‘उदक’ २५० वेळा, पण १८ भागांत आले, तर ‘उदक’ आधी घ्यावे. रोमी लिपीतील मजकूर वेगळा मोजणे बरे. तिथे हाच शब्द ‘उदोक’ असा वाचला जातो आणि न जुळवता मिसळला तर त्याची संख्या दोन जागी विभागते.

मायकल वेस्ट यांच्या १९५३च्या सुमारे २,००० इंग्रजी शब्दांच्या यादीतही वारंवारिता हा एकमेव निकष नव्हता. मराठी भाषकासाठी तर निवडीला आणखी एक चाळणी हवी: ‘घर’, ‘हात’ हे त्याला येतातच, त्यांवर धडा कशाला घालवायचा? उलट ‘नुस्तें’ खालच्या क्रमांकावर असले तरी वर आणावे. म्हापशाच्या बाजारात त्याचा अर्थ मासळी, आणि मराठी कानाला ते ‘नुसते’ वाटते.