मालकी दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे नेताय? आधी तारखा जुळवून बघा

परदेशात प्रकल्प घेणारे आमचे ग्राहक हल्ली हमखास विचारतात: मधे हाँगकाँगची किंवा नेदरलँड्सची एखादी कंपनी घातली, तर त्या देशाने प्रकल्पाच्या देशाशी केलेल्या गुंतवणूक कराराचं संरक्षण मिळेल का? मिळू शकतं. फक्त ती कंपनी कधी घातली, यावर बरंच अवलंबून असतं.

आधी मोह कशाचा, ते पाहू. काही गुंतवणूक करारांत अम्ब्रेला क्लॉज असतो. गुंतवणुकीबाबत स्वीकारलेली बंधनं पाळू, अशी हमी त्यात सरकार देतं. त्यामुळे सरकारने कंत्राट मोडलं तरी तो थेट आंतरराष्ट्रीय कराराचा भंग ठरतो, असा दावा करता येतो. लवाद मात्र यावर एकमताचे नाहीत. एसजीएस या स्विस कंपनीचा असा दावा 2003 मध्ये पाकिस्तानविरुद्ध टिकला नाही. 2004 मध्ये फिलिपिन्सविरुद्ध तत्त्व मान्य झालं, पण देणं किती ते आधी कंत्राटात ठरलेल्या न्यायालयात ठरवा, असं लवादाने सांगितलं.

असं कलम आपल्या देशाच्या करारात नसेल, तर ते असलेल्या देशात मालकी हलवायची, ही ट्रीटी शॉपिंग. ती मुळात बेकायदा नाही. कुठे घसरते, ते फिलिप मॉरिस एशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया या प्रकरणात दिसतं.

एप्रिल 2010 मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने सिगारेटची पाकिटं एकसारखी, बोधचिन्हाविना करण्याची घोषणा केली. फेब्रुवारी 2011 मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट समूहाने ऑस्ट्रेलियातल्या व्यवसायाची मालकी हाँगकाँगच्या कंपनीकडे दिली. हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियाच्या 1993 च्या करारात अम्ब्रेला क्लॉज होता आणि कंपनीने त्याचाही आधार घेतला. नोव्हेंबर 2011 मध्ये कायदा झाला आणि लवादाची नोटीसही गेली.

डिसेंबर 2015 मध्ये लवादाने दावा दाखलच करून घेण्याजोगा नाही असं ठरवलं. वाद उद्भवण्याची वाजवी शक्यता दिसत असताना, मुख्यतः दावा लावता यावा म्हणून केलेली फेररचना म्हणजे प्रक्रियेचा गैरवापर, हा त्याचा निकष. घोषणा झाली तेव्हाच वाद दिसत होता. कायदा व्हायची वाट पाहायला नको. कर वा व्यवसायाची कारणं कंपनीने सांगितली, पण ती पटण्याजोगा पुरावा पुढे आला नाही. अम्ब्रेला क्लॉजवर चर्चा व्हायची वेळच आली नाही.

याउलट, पुढे कधीतरी येऊ शकणाऱ्या अनोळखी वादांपासून संरक्षण म्हणून आधीच केलेली रचना लवाद सहसा चालवून घेतात. आमच्या मते इथे वकिली युक्तिवादापेक्षा कागद जास्त बोलतो: संचालक मंडळाचे त्या काळचे ठराव, कर सल्लागाराचं पत्र, बँकेचा पत्रव्यवहार. फेररचनेची कारणं नंतर लिहून काढलेली असतील तर उलटतपासणीत ते उघडं पडतं.

भारताने 2015 च्या आपल्या नमुना करारातून अम्ब्रेला क्लॉज वगळला आणि दाव्याची वाट मिळवण्याच्या मुख्य हेतूने केलेल्या फेररचनेला लाभ नाकारण्याची तरतूदही ठेवली. म्हणून आमच्याकडे येताना भागधारकांची यादी आणि सरकारी घोषणांच्या तारखा सोबत आणा.