भात कमी केला, तरी साखर का चढते? पेयांतल्या साखरेविषयी ग्लुकोमीटरच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप नेणाऱ्या अनेकांचा एकच प्रश्न असतो: भात निम्मा केला, आंबोळी-घावण्यांना हात लावत नाही, तरी जेवणानंतरचा आकडा दोनशेच्या खाली येत नाही. अशा वेळी ताटाआधी पेल्याकडे बघा. दिवसभरातले गोड चहा, स्टँडवरचा उसाचा रस, नातवंडांसोबत घेतलेला खोक्यातला ज्यूस यांचा हिशेब बहुतेक जण लावत नाहीत, कारण ते ‘खाणं’ वाटतच नाही.

आधी रक्तातली साखर किती असते ते पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. ग्लुकोमीटरवर 100 आकडा म्हणजे दर 100 मिली रक्तात 100 मिलिग्रॅम साखर. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून 5 ग्रॅम, चहाच्या एका चमच्याएवढी. उसाच्या रसाच्या 250 मिलीच्या ग्लासात 30 ते 40 ग्रॅम साखर असते. बर्फ जास्त असेल तर थोडी कमी. एवढी साखर रक्तातच साचून राहत नाही, इन्सुलिन ती पेशींत पोचवतं. पण ती किती वेगाने आत येते, यावर सगळं अवलंबून आहे.

भात, माशाची आमटी आणि भाजी असं जेवण पोटात गेलं की जठर ते घुसळून थोडं थोडं पुढे आतड्यात सोडतं. पातळ पदार्थाला घुसळणं लागत नाही. तो लवकर पुढे सरकतो आणि रिकाम्या पोटी तर आणखी लवकर. आतड्याच्या अस्तरावरचा पाचक रस साखरेचे दोन तुकडे करतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज थेट रक्तात येतं आणि मीटरला तेच दिसतं. फ्रुक्टोज यकृतात जातं. त्यामुळे आकडा फारसा वाढत नाही, पण जास्त झालं की यकृतात त्याची चरबी होते. निरोगी शरीर पहिल्या काही मिनिटांतच इन्सुलिनचा मोठा झोत सोडून हा लोंढा अडवतं. टाइप 2 मधुमेहात नेमका हा पहिला झोत मंदावलेला असतो. सावकाश येणारी साखर उरलेलं इन्सुलिन कशीबशी सांभाळतं, पण एकदम आलेली त्याला झेपत नाही.

वाटीभर भातातही 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि त्यांचं शेवटी ग्लुकोजच होतं. म्हणून भात निर्दोष आहे असं नाही. फरक वेगाचा आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे: रस प्यायल्याने पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून जेवण तेवढंच होतं आणि रस वरकड ठरतो.

समजा, एक गृहस्थ बाजाराला आले. सकाळी उपाशीपोटी साखर 124, त्यानंतर दोन चमच्यांचा चहा. अकराला स्टँडवर उतरले तेव्हा 138. उन्हाचा एक ग्लास रस घेतला. साडेअकराला मोजली असती तर 221 आली असती, बाराला 236, एक वाजता 171. त्यांना काही जाणवलं नाही, तहान भागली एवढंच. एक वाजता घरी जेवले, निम्माच भात. तीन वाजता नेहमीप्रमाणे मोजली आणि आकडा आला 214. दोष भातावर गेला. पण जेवणाची सुरुवातच 138 ऐवजी 171 वर झाली होती आणि 236 चा चढ कोणी पाहिलाच नव्हता. (आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाचे वेगळे येतात.) जेवणानंतर दोन तासांनी मोजायची सवय चांगली आहे, पण पेयाचा चढ अर्ध्या ते एका तासात होऊन गेलेला असतो.

तुमचा स्वतःचा चढ पाहायचा असेल तर रोजच्या चहावरच पाहा, त्यासाठी मुद्दाम रस पिऊ नका. एका सकाळी नेहमीचा गोड चहा, सोबत काही नाही. चहाआधी, 30 मिनिटांनी, 60 मिनिटांनी आणि 120 मिनिटांनी मोजा. दुसऱ्या सकाळी त्याच वेळी, तेवढ्याच दुधाचा बिनसाखरेचा चहा. आठ स्ट्रिप लागतील. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या नाश्त्यासोबत घेत असाल तर नाश्ता लांबवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या किंवा रसाने चिकट झालेल्या बोटावरचा थेंब आकडा कितीतरी वाढवून दाखवतो, आणि स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर पुरती निघत नाही. अनपेक्षित मोठा आकडा आला तर हात धुऊन दुसऱ्या बोटाने पुन्हा मोजा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, आपल्याकडच्या दमट हवेत उघडी राहिलेली स्ट्रिप चुकीचं सांगते.

चहाचं गणित साधं आहे. सपाट चमचा 5 ग्रॅमचा धरा. दोन चमच्यांचे चार चहा म्हणजे 40 ग्रॅम, रसाच्या मोठ्या ग्लासाएवढी साखर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचवलेली उत्तम मर्यादा दिवसाला सुमारे 25 ग्रॅम आहे, तीही निरोगी माणसासाठी, आणि त्यात फळांच्या रसातली साखरही धरलेली आहे. गूळ घातला तरी विशेष फरक नाही, गुळातही मुख्यतः तीच साखर. दर आठवड्याला पाव चमचा कमी केलीत तर जीभ लवकर सरावते.

खोक्यावरचं ‘साखर घातलेली नाही’ हे वाक्य वाचून थांबू नका. मागच्या तक्त्यात ‘एकूण साखर, प्रति 100 मिली’ हा आकडा शोधा आणि आपण किती मिली पितो त्याने गुणून 100 ने भागा. 12 ग्रॅम लिहिलं असेल आणि खोका 200 मिलीचा असेल तर 24 ग्रॅम, जवळजवळ पाच चमचे. कोलाच्या 250 मिलीच्या बाटलीतही साधारण 26 ग्रॅम असते. कोकम सरबताच्या गोड सिरपचंही तसंच, त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. त्याऐवजी आगळ घ्या: ग्लासभर पाण्यात दोन चमचे आगळ आणि जिरेपूड. आगळात मीठ मुळातच असतं, म्हणून वरून घालू नका, आणि रक्तदाब असेल तर तेही बेतानेच.

हाच वेग एका वेळी उपयोगी पडतो. थरथर, घाम, एकदम भूक लागली आणि आकडा 70 च्या खाली असला तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखर चटकन फुटत नाही, अशांनी ग्लुकोज पावडरच घरात ठेवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.