मशीनच्या तासाला खर्च कसा चिकटला: बदलत्या ओव्हरहेडच्या दोन फरकांची पार्श्वभूमी

जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात गेलात तर लूमच्या खडखडाटाआधी एक्स्ट्रूडर दिसतो. प्लास्टिकचा दाणा हॉपरमध्ये पडतो, तापलेल्या बॅरलमध्ये वितळतो, स्क्रू त्याला पुढे रेटतो, बारीक जाळीतून गाळला जातो आणि पाण्याच्या टाकीतून थंड होत धागा बाहेर येतो. एकच ऑपरेटर दोन मशीन सांभाळतो. महिनाअखेरीला याच मशीनच्या खात्यात ठरवलेला आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यात दोन फरक निघतात, स्पेंडिंग आणि एफिशियन्सी. सुपरवायझरला ते नीट कळावेत म्हणून आधी हे मोजमाप आलं कुठून ते सांगतो.

पूर्वी कारखान्याचा वरखर्च, म्हणजेच ओव्हरहेड, मजुरीच्या टक्केवारीने वाटला जाई. जिथे काम हातांनी होतं तिथे हे चालून जातं. पण सारखाच पगार घेणाऱ्या दोघांपैकी एक छोट्या ग्राइंडरवर आणि दुसरा मोठ्या एक्स्ट्रूडरवर असेल, तर दोघांच्या मालावर सारखाच वरखर्च चढतो आणि वीज पिणारं मशीन मोकळं सुटतं. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज अभियंत्याने 1901 मध्ये लेखमाला लिहून यावरच बोट ठेवलं. त्याने प्रत्येक मशीनला स्वतंत्र छोटं दुकान मानलं: त्याची जागा, त्याची वीज, त्याची देखभाल त्याच्याच नावावर आणि वसुली तासाच्या दराने. मशीन-अवर रेटचा पाया इथे पक्का झाला.

चर्चचा दर खर्च वाटून देत होता, पण तो जास्त झाला की कमी, हे सांगत नव्हता. ते काम जी. चार्टर हॅरिसनने 1918 च्या आसपास पुढे नेलं. खर्च आधीच ठरवून ठेवायचा, प्रत्यक्ष खर्चाशी त्याची तुलना करायची आणि फरक कारणांनुसार सूत्रांनी फोडायचा. पुढच्या दोन दशकांत कामाच्या प्रमाणात बदलणारं लवचिक अंदाजपत्रक रुळलं, स्थिर आणि बदलता खर्च वेगळे मांडले जाऊ लागले, आणि आज आपण वापरतो ते दोन फरक तयार झाले. भारतात हा विषय 1944 मध्ये स्थापन झालेल्या कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेमुळे आणि 1959 च्या कायद्यामुळे अभ्यासक्रमात पक्का बसला.

आता एका उन्हाळी महिन्याचा हिशेब घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत. स्टँडर्ड, म्हणजे आधी ठरवलेलं प्रमाण, असं: तासाला 50 किलो धागा आणि मशीनच्या तासाला 300 रुपये बदलता ओव्हरहेड. त्यात वीज 30 युनिट, 8 रुपये दराने 240. उरलेले 60 जाळ्या, ऑइल आणि किरकोळ सामानाचे. महिन्यात 24,000 किलो धागा निघाला, म्हणजे लागायला हवे होते 480 तास. लागले 520. प्रत्यक्ष खर्च झाला 1,61,200 रुपये.

520 तासांना 300 च्या दराने 1,56,000 खर्च अपेक्षित होता. त्याहून 5,200 जास्त गेले. हा स्पेंडिंग व्हेरिएन्स. आणि 40 तास जादा लागले, त्यांचे 300 प्रमाणे 12,000. हा एफिशियन्सी व्हेरिएन्स. दोन्ही प्रतिकूल, मिळून 17,200.

स्पेंडिंगचा आकडा दाखवला की बहुतेक सुपरवायझर एकच म्हणतात, ‘भाऊ, लाईट बिलाचा दर काय माझ्या हातात आहे का?’ त्यांचा राग मला समजतो, कारण नावच तसं दिशाभूल करणारं आहे. कच्च्या मालाच्या किंमत-फरकात फक्त भाव असतो. इथे भाव आणि वापर दोन्ही एकत्र असतात. म्हणून बिल उघडायचं आणि युनिट बघायचे. या महिन्यात ते 16,120 होते, म्हणजे तासाला 31. दर 8 रुपयेच. विजेवर 4,160 जास्त गेले ते तासामागे एक युनिट वाढल्यामुळे, आणि उरलेले 1,040 मुख्यतः जाळ्यांवर. दर वाढला असता तर सुपरवायझरला खरंच विचारायचं नव्हतं. युनिट वाढले म्हणून विचारायचं. बिलातला डिमांड चार्ज मात्र या हिशेबात घ्यायचाच नाही. तो मशीनच्या तासांवर हलत नाही, आणि चुकून मिसळला तर काम कमी असलेल्या महिन्यात स्पेंडिंग उगाच वाईट दिसतं.

एफिशियन्सी व्हेरिएन्सचंही नाव फसवं आहे. ओव्हरहेड काटकसरीने वापरला की नाही हे तो सांगतच नाही. तो फक्त मशीनचे तास मोजतो आणि त्यांना 300 ने गुणतो. म्हणून त्याचं उत्तर बिलात सापडत नाही, लॉगबुकात सापडतं. आमच्या लॉगबुकात असं दिसलं: 26 तास जाळीमुळे गेले. त्यातले 20 नेहमीपेक्षा जास्त वेळा मशीन थांबवून जाळी बदलण्यात, 6 जाळी तुंबल्यावर मंद चालण्यात. बाकीचे 14 तास दुपारचे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की टाकीतलं पाणी कोमट होतं, धागा लवकर थंड होत नाही आणि लाइनचा वेग उतरवावा लागतो. हे 14 तास सुपरवायझरच्या माथी मारणं अन्याय आहे. स्टँडर्ड हिवाळ्यात ठरवलं होतं. एकतर टाकीच्या पाण्याची सोय करा, नाहीतर उन्हाळ्याचं स्टँडर्ड वेगळं ठेवा.

जाळी का तुंबत होती? त्या महिन्यात रिसायकल केलेला स्वस्त दाणा आला होता, माती-कचऱ्याचा. जाळी भरत गेली की मागे दाब वाढतो, मोटरवर लोड चढतो, माल कमी निघतो. म्हणजे जादा युनिट, जादा जाळ्या आणि जादा तास, तिन्हींचं मूळ एकच. खरेदी विभागाने किलोमागे 50 पैसे, एकूण 12,000 रुपये वाचवले आणि तो फरक त्यांच्या नावावर अनुकूल लागला. इकडे जाळीचे 26 तास म्हणजे 7,800 आणि स्पेंडिंगचे 5,200, मिळून 13,000 उत्पादन विभागाच्या नावावर प्रतिकूल. त्या तासांची मजुरी अजून धरलेलीच नाही.

या पद्धतीची एक मर्यादा सुपरवायझरला माहीत असलीच पाहिजे. प्रत्येक मशीन-तास सारखाच खर्च खातो असं ती धरते. पण जाळी बदलताना स्क्रू थांबतो आणि हीटर चालूच राहतात. समजा अशा वेळी तासाला 10 च युनिट जातात. मग थांबलेल्या 20 तासांचे 200 युनिट वजा करा. उरलेल्या 500 तासांत 15,920 युनिट, म्हणजे तासाला जवळजवळ 32. सरासरी 31 दिसली, कारण थांबलेल्या तासांनी चालत्या मशीनची जादा भूक झाकली. म्हणून मी लॉगबुकात चार रकाने मागतो: अवर मीटर, मशीन थांबल्याची वेळ, जाळी बदलल्याची वेळ आणि दर पाळीला सब-मीटरचं रीडिंग. हे चार असले की 31 आणि 32 मधला फरक महिनाअखेरीची वाट न पाहता त्याच पाळीत दिसतो, आणि दाण्याची पुढची गाडी उतरवण्याआधी खरेदीवाल्यांशी बोलता येतं.