आधी खाऊ की आधी खेळ?

नवी मुंबईतल्या दिघ्याच्या अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या मुलांचा संबंध मुख्यतः दोनच गोष्टींशी येतो: वजनकाटा आणि घरी न्यायचं टीएचआरचं, म्हणजे पूरक आहाराचं पाकीट. वजन-उंची ताई पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चढवतात. पण पोट भरलं की बुद्धीही आपोआप वाढते का, हे कोणी तपासलंय का? तपासलंय, आणि फार नेटकेपणाने.

जमैकातल्या किंग्स्टनमध्ये 1986-87 साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतली 129 खुरटलेली मुलं निवडली. वय 9 ते 24 महिने. कोण कुठल्या गटात जाणार, हे योगायोगावर सोपवून चार गट केले. एकाला दर आठवड्याला किलोभर दूधभुकटीचा पूरक आहार, दुसऱ्याला खेळ, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. खेळ म्हणजे आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा घरी यायची, तासभर बसायची. टाकाऊ वस्तूंची खेळणी, चित्रांची पुस्तकं, गप्पा. मुलाशी खेळायचं कसं, हे ती आईला करून दाखवायची. खेळणी घरी ठेवून पुढच्या खेपेला बदलायची.

दोन वर्षांनी आहार आणि खेळ, दोन्हींचा फायदा दिसला. दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे होती. अभ्यास तिथेच थांबला असता, तर दोन्ही उपाय सारखेच मानले गेले असते. पण मुलं मोठी होत गेली तसा आहाराचा बौद्धिक फायदा पुसला गेला, खेळाचा टिकला. वयाच्या 22 व्या वर्षी खेळाच्या गटांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. (पाकिटं बंद करा, असा याचा अर्थ मुळीच नाही. भुकेलं मूल खेळणार काय?)

मात्र 129 हा आकडा लहान आहे, आणि तिथे सेविकांवर संशोधकांची बारीक नजर होती. कोलंबियात हीच पद्धत हजाराहून अधिक मुलांवर, स्थानिक बायकांकरवी, दीड वर्ष राबवली. शेवटी मुलं पुढे दिसली. आणखी दोन वर्षांनी मोजलं, तर फरकच उरला नव्हता. म्हणून एखादी संस्था “मुलांची प्रगती झाली” म्हणते, तेव्हा मी आधी विचारतो, कार्यक्रम संपल्यावर किती वर्षांनी मोजलंत? आणि तुलनेला कोण होतं? कारण वय वाढलं की मूल चार शब्द जास्त बोलणारच, कार्यक्रम असो वा नसो.

दिघ्यात अडचण वेगळीच. सकाळी बऱ्याच आया ऐरोलीत घरकामाला जातात, त्यामुळे घरी भेटते आजी किंवा थोरली बहीण. ओडिशाच्या खेड्यांत घरभेटीऐवजी काही आया मुलांसह एकत्र बसवून हेच खेळ घेतले, तेव्हा मुलांचा फायदा घरभेटींइतकाच झाला, खर्च मात्र बराच कमी. असा गट दुपारी, आया परतल्यावर, भरवता येईल. पण अंगणवाडी सकाळची, आणि ताईंच्या मानधनात तो जादा तास कुठेच धरलेला नाही.