चढावरचा घाम, माथ्यावरची हुडहुडी

जुलैमधल्या सकाळी बारी गावातून कळसूबाईचा चढ सुरू करताना, पाऊस आणि गार वारा पाहून बहुतेक जण रेनकोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतात. तासाभराने आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला झालेला असतो आणि त्यातले बरेचसे पाणी पावसाचे नसून घामाचे असते. १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर जी हुडहुडी भरते, तिची तयारी अशी खाली, उकाड्यातच झालेली असते.

चढताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव भाग चालण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो खरा, पण तो सुकला तरच शरीर गार होते. बंद रेनकोटाच्या आतली हवा दमट असल्याने घाम सुकत नाही, नुसता साचतो. म्हणून तहान किंवा डोकेदुखीची वाट पाहू नये. कपाळावर घाम फुटला, कान तापल्यासारखे वाटले किंवा सॅकखाली पाठ चिकट झाली, की तिथेच थांबावे, टोपी काढावी, चेन छातीपर्यंत उघडावी आणि चाल थोडी मंद करावी. पाऊस हलका असेल तर रेनकोट काढलेलाही चालतो. माझ्या मते निघताना किंचित थंडी वाजत असेल, तरच कपडे योग्य आहेत असे समजावे, कारण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत अंग आपोआप तापते. मात्र डोके दुखणे, मळमळ किंवा चक्कर सुरू झाली असेल, तर केवळ कपडे कमी करून भागत नाही. सावलीत बसून पाणी प्यावे आणि चढणे थांबवावे.

माथ्याजवळ गणित उलटते. पाय थांबताच उष्णता कमी तयार होते, वारा वाढतो आणि ओला सुती शर्ट अंगाला चिकटून उष्णता झपाट्याने ओढून नेतो. थंडीची पहिली खूण बोटांत दिसते, कारण शरीर आतले अवयव उबदार ठेवण्यासाठी हातापायांकडचे रक्त कमी करते. बिस्किटाचा पुडा फोडता येत नाही, किंवा अंगठा करंगळीला सहज टेकत नाही, तेव्हा कपडे बदलण्याची वेळ खरे तर टळून गेलेली असते. म्हणून शेवटच्या लोखंडी शिडीआधी, अंग अजून गरम असतानाच, आडोसा पाहून ओला शर्ट काढावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कोरडा बनियन घालावा आणि वरून रेनकोट पूर्ण बंद करावा. ओल्या शर्टावरच स्वेटर चढवला, तर तोही भिजतो.

सोबत्याकडेही लक्ष ठेवावे. कुडकुडणारा माणूस अडखळत चालू लागला, शब्द चाचरत बोलू लागला किंवा त्याचे कुडकुडणे थांबूनही तो सुस्तच राहिला, तर त्याला बरे वाटू लागले असे मुळीच समजू नये. त्याला लगेच वाऱ्याआड न्यावे, कोरडे कपडे घालावेत आणि मदत बोलवावी. शुद्ध नीट असेल तरच गरम, गोड पेय द्यावे.