आडवी ओळ म्हणजे एक दिवस

यवतमाळकडच्या एका बाजारगावातलं औषधांचं दुकान. सत्तरीचे आबाजी मधुमेहाच्या मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या न्यायला आलेत. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलंय, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आबाजींना वाचता येत नाही. काउंटरमागची तरुण फार्मासिस्ट "समजलं का?" असं विचारत नाही, कारण त्याला उत्तर "हो"च येतं. ती विचारते, "घरी सूनबाईले कसं सांगसान?"

"दोनही सकायीच घेऊन टाकतो. मंग दिवसभर वावरात झंझट नाई."

गोम इथेच आहे. रक्तातलं मेटफॉर्मिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं आणि साधारण सहा तासांत निम्मं उरतं, बारा तासांत पाव. दोन्ही गोळ्या सकाळीच पोटात गेल्या तर रात्रीच्या भाकरीच्या वेळेला औषध ओसरलेलं असतं. शिवाय गोळीतलं बरंचसं औषध रक्तात न जाता आतड्यातच राहतं. एकदम दुप्पट मात्रा, तीही उपाशीपोटी, म्हणजे मळमळ आणि जुलाब. मग माणूस म्हणतो, गोळी मानवत नाही, आणि बंदच करून टाकतो.

पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देण्याची पद्धत चांगली आहे, पण वावरातल्या माणसाला सूर्य म्हणजे डोक्यावरचं ऊनही वाटू शकतं. म्हणून ती गोळी घड्याळाशी न बांधता भाकरीशी बांधते. सकाळची भाकर झाली की एक, रात्रीची झाली की एक.

मग ती गोळ्यांचा पत्ता हातात देते. दहा गोळ्या, दोन उभ्या रांगा, पाच आडव्या ओळी. "डावीकडची सकायची, उजवीकडची रातची. एक आडवी ओळ, एक दिवस." आबाजींचं बोट ओळीवरून फिरतं. पुढचा प्रश्न कसोटीचा आहे. रात्री जेवून उठलात आणि ओळीत दोन्ही गोळ्या तशाच दिसल्या तर? आबाजी म्हणतात, दोन्ही घेईन. नाही. सकाळची हुकली ती हुकली, रात्री एकच. हे त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं जातं.

पंधरा गोळ्यांच्या, तीन रांगांच्या पत्त्याला ही युक्ती लागू पडत नाही, तिथे मोजूनच समजवावं लागतं. पत्ता कापूनही देऊ नये, मुदतीची तारीख कापलेल्या तुकड्यावर राहून जाते. दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर आधीचा उरलेला पत्ता सोबत आणायला सांगावा. रंग-आकार वेगळा दिसला की औषधही वेगळं समजून दोन्ही चालू ठेवले जातात.

आणखी एक गोष्ट ती सांगते. उलट्या-जुलाब लागले, काही खाल्लं जात नसेल, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं.

तीस दिवसांचे सहा पत्ते पिशवीत जातात. रिकामे पत्ते परत आणायचे आहेत. पंधरा दिवसांनी तीन यायला हवेत. दोनच आले तर काही गोळ्या हुकल्या, चार आले तर कुठेतरी दुप्पट घेतल्या जातायत.