बेरीज १०१ का येते? गावाच्या पीक डॅशबोर्डवरचे टक्के आणि त्यांची प्रामाणिक मांडणी

मोर्शी तालुक्यातलं एक गाव डोळ्यांसमोर आणा. खरीप चालू आहे, ई-पीक पाहणीच्या नोंदी रोज येताहेत आणि त्यांवरून रोज सकाळी आपोआप तयार होणारा एक तक्ता ग्रामपंचायतीतल्या स्क्रीनवर दिसतो. सोमवारी नोंद झालेलं क्षेत्र ५०० हेक्टर आहे. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण असे आकडे कुठल्याही गावात येऊ शकतात.

| पीक | हेक्टर.आर | खरा टक्का | स्क्रीनवर |
|---|---|---|---|
| कापूस | २३७.१० | ४७.४२ | ४७ |
| सोयाबीन | १५८.५५ | ३१.७१ | ३२ |
| तूर | ६२.९० | १२.५८ | १३ |
| संत्रा | २३.३० | ४.६६ | ५ |
| इतर | १८.१५ | ३.६३ | ४ |
| एकूण | ५००.०० | १००.०० | १०० |

शेवटच्या रकान्याची बेरीज करून पाहा. ४७, ३२, १३, ५ आणि ४ मिळून १०१ होतात, पण खाली १०० लिहिलंय. ग्रामसभेत कोणी मोबाइलवर बेरीज केली की पहिला प्रश्न येणार, "हा एक टक्का कुठून आला?"

हिशोबात चूक नाही. कापसाचा आकडा राउंड करताना ०.४२ खाली गेला. बाकीचे चार वर गेले: सोयाबीन ०.२९ने, तूर ०.४२ने, संत्रा ०.३४ने आणि इतर ०.३७ने. वरची वाढ १.४२ झाली, खालची घट ०.४२, म्हणून बरोबर १ जास्त. प्रत्येक ओळ आपल्या जागी खरी आहे आणि एकूणही खरा आहे, तरी ते एकमेकांशी जुळत नाहीत.

हे क्वचित घडतं असंही नाही. मोस्टेलर, यूट्झ आणि झान या अमेरिकी संशोधकांनी १९६७मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. टक्क्यांचे अपूर्णांक सगळीकडे सारखे विखुरलेले असतील, तर तीन ओळींच्या तक्त्यात बेरीज बरोबर १०० येण्याची शक्यता ७५ टक्के असते, चार ओळींत सुमारे ६७. पाच ओळींसाठी त्याच गणिताने ती ६०च्या आसपास येते. म्हणजे आपल्यासारखा पाच पिकांचा तक्ता दहातल्या साधारण चार वेळा जुळणार नाही. रोज नव्याने तयार होणाऱ्या डॅशबोर्डवर तो कधी जुळेल, कधी नाही, आणि बघणाऱ्याला वाटेल की काल ठीक होतं, आज काहीतरी बिघडलं.

इथे डॅशबोर्ड बनवणाऱ्याला मोह होतो, बेरीज जुळवून टाकण्याचा. जुळवण्याच्या दोन पद्धती सर्रास वापरल्या जातात आणि दोन्ही नुकसान करतात.

पहिली पद्धत म्हणजे फरक "इतर"मध्ये ढकलणे. चार पिकांचे टक्के राउंड करायचे आणि १००मधून वजा करून उरेल ते इतर. सोमवारी ही पद्धत इतरांना ३ टक्के देते. खरा आकडा ३.६३. आता मंगळवारी तलाठ्याने एक नोंद दुरुस्त केली असं समजा. ०.६० हेक्टर, म्हणजे दीड एकराच्या जवळपास, चुकून "इतर"मध्ये पडलं होतं, ते कापसात गेलं. कापूस झाला २३७.७०, म्हणजे ४७.५४ टक्के, इतर झाले १७.५५, म्हणजे ३.५१ टक्के. चार पिकं राउंड केली की ४८, ३२, १३ आणि ५, एकूण ९८. इतरांना उरले २. खरं क्षेत्र साडेसतरा हेक्टर असताना स्क्रीन दहा हेक्टरचं चित्र दाखवते, आणि दीड एकराच्या दुरुस्तीने "इतर" पिकं एका रात्रीत ३वरून २वर आलेली दिसतात. ज्याच्या शेतात हळद किंवा ज्वारी आहे, त्याचं पीक या रकान्यात असतं. सगळ्यांच्या राउंडिंगचा भार सर्वांत लहान ओळीवर टाकायचा आणि तीच ओळ सर्वांत जास्त चुकीची करायची, याला काही आधार नाही.

दुसरी पद्धत जास्त शहाणी दिसते. आधी सगळे अपूर्णांक कापून टाकायचे. सोमवारी उरतात ४७, ३१, १२, ४ आणि ३, म्हणजे ९७. मग उरलेले तीन टक्के ज्यांचे अपूर्णांक सर्वांत मोठे त्यांना एकेक वाटायचे. संत्रा (०.६६), सोयाबीन (०.७१) आणि इतर (०.६३) यांना एकेक मिळाला, बेरीज बरोबर १०० झाली. पण तुरीला काहीच मिळालं नाही. १२.५८ असूनही ती १२ दिसते.

मंगळवारच्या दुरुस्तीनंतर हाच हिशोब पुन्हा करा. इतरांचा अपूर्णांक ०.६३वरून ०.५१वर आला, त्यामुळे तिसरा टक्का आता तुरीकडे गेला, कारण तिचा ०.५८ कापसाच्या ०.५४पेक्षाही मोठा आहे. स्क्रीनवर तूर १२ची १३ झाली, इतर ४चे ३ झाले आणि ज्या कापसात खरोखर वाढ झाली तो ४७वरच राहिला. तुरीचं क्षेत्र एक आरनेही बदललेलं नाही. तिचा खरा टक्काही तोच आहे. तरी गावात चर्चा होणार की तूर वाढली.

एकदाच छापून संपणाऱ्या अहवालात ही पद्धत चालून जाते, कारण तिथे शेजारी कालचा तक्ता नसतो. रोज नव्याने उभ्या राहणाऱ्या पानावर ती न घडलेल्या हालचाली दाखवते. वाटणीच्या या पद्धतीचा विक्षिप्तपणा अमेरिकेत १८८०च्या जनगणनेनंतर उघड झाला होता. प्रतिनिधीगृहाच्या एकूण जागा २९९वरून ३०० केल्या तर अलाबामा राज्याच्या जागा ८वरून ७ होतात, असं तेव्हा लक्षात आलं. जागा अर्ध्या करता येत नाहीत, त्यामुळे तिथे वाटणी करावीच लागते. टक्क्यांना तशी सक्ती नाही.

म्हणून तक्ता जुळवू नका, तो का जुळत नाही ते सांगा. प्रत्येक ओळ मूळ आकड्यावरून स्वतंत्रपणे राउंड करा. एकूणही मूळ आकड्यांवरूनच काढा, राउंड केलेल्या ओळी मिळवून कधीच नाही. राउंडिंग अगदी शेवटी, दाखवताना, एकदाच व्हावं. गावात १२.४६चे १२.५ करून पाठवले आणि तालुक्यात त्याचे १३ केले, तर १२ असायला हवा तो आकडा वाटेत फुगला.

एक दशांश स्थळ वाढवलं की फरक लहान होतो. आपल्या तक्त्यात दोन्ही दिवशी एका दशांशाने बेरीज १००.० येते, पण तो योगायोग आहे. पाच ओळींत ०.२पर्यंत फरक राहू शकतो. त्यापेक्षा उपयोगाचं म्हणजे हेक्टर-आरचा रकाना मुख्य ठेवणं. सातबाऱ्यावर लोक तेच वाचतात, आणि दोन दशांशांत आर पुरते दिसत असल्याने तो रकाना जुळलाच पाहिजे. टक्के त्याच्या शेजारी, दुय्यम.

तक्त्याखाली टीप हवी आणि तीही प्रोग्रॅमनेच त्या दिवशीच्या आकड्यांवरून लिहायला हवी. "राउंडिंगमुळे बेरीज जुळेलच असे नाही" हे कायमचं चिकटवलेलं वाक्य लवकरच कोणी वाचेनासं होतं, आणि खरी चूक झाली तरी तेच वाक्य तिच्यावर पांघरूण घालतं. मंगळवारची टीप अशी असावी: "प्रत्येक टक्का जवळच्या पूर्ण आकड्यात दिला आहे, म्हणून टक्क्यांची बेरीज १०२ येते. क्षेत्राची बेरीज ५००.०० हेक्टर बरोबर जुळते." फरक नसेल त्या दिवशी पहिलं वाक्य येऊच नये.

दुसरं वाक्य लिहिण्याआधी ते तपासावं लागतं. क्षेत्र दशांशात न ठेवता पूर्ण आरमध्ये ठेवा, म्हणजे २३७.७० हेक्टरचे २३७७० आर. संगणक ०.१सारखे दशांश नेमके साठवू शकत नाही; पूर्ण संख्यांत ती अडचण येत नाही.

```python
ar = {"कापूस": 23770, "सोयाबीन": 15855,
      "तूर": 6290, "संत्रा": 2330, "इतर": 1755}
ekun = 50000   # गावाचा एकूण, वेगळ्या नोंदीतून
assert sum(ar.values()) == ekun
takke = [(200*a + ekun) // (2*ekun) for a in ar.values()]
print(takke, sum(takke))
```

हा `[48, 32, 13, 5, 4] 102` असं उत्तर देतो. `assert`च्या ओळीत मूळ बेरीज जुळली नाही, तर पान तयार होणं तिथेच थांबतं. राउंडिंगसाठी `round()` मुद्दाम वापरलेला नाही. एक्सेलचं `ROUND(12.5,0)` १३ देतं, पायथनचं `round(12.5)` मात्र १२ देतं, कारण बरोबर अर्ध्यावरचा आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. एक्सेलमधला तक्ता पायथनवर हलवला की काही ओळी आपोआप एकने बदलतात, त्या यामुळे. दोन्हींतला कुठलाही नियम चालेल, पण सगळीकडे एकच हवा.

फरक राउंडिंगचा आहे की खरोखर काही हरवलंय, हे ओळखायची एक मर्यादा आहे. एका ओळीत जास्तीत जास्त अर्धा टक्का सरकतो, म्हणून पाच ओळींत अडीच. म्हणजे बेरीज ९८ ते १०२च्या आतच राहायला हवी. १०३ आले तर राउंडिंगला दोष देऊ नका. मात्र १०१ आले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. एखाद्याची अर्ध्या हेक्टरची नोंद गळाली तर ती या फटीत सहज लपते. ती फक्त आरच्या बेरजेतच सापडते.

विदर्भात १०० ओलांडण्याचं एक वेगळंच कारण हमखास भेटतं. कापसात तुरीची ओळ असते. ते अख्खं शेत कापसातही धरलं आणि तुरीतही धरलं, तर क्षेत्र दोनदा मोजलं जातं आणि टक्क्यांची बेरीज ११०वरही जाऊ शकते. अशा तक्त्यात आंतरपिकाची स्वतंत्र ओळ करावी, किंवा क्षेत्र ओळींच्या प्रमाणात वाटून घ्यावं. तेही जमत नसेल तर "एकूण"ची ओळ काढून टाकावी आणि टिपेत राउंडिंगचा उल्लेखही न करता लिहावं, "आंतरपिकाचे क्षेत्र दोन्ही पिकांत धरले आहे, ओळींची बेरीज करू नये."

कालच्या आणि आजच्या आकड्यांतला बदलही मूळ आकड्यांवरूनच काढा. स्वतंत्र राउंडिंग केलेल्या तक्त्यात "इतर" दोन्ही दिवशी ४च दिसतात. दाखवलेल्या आकड्यांची वजाबाकी शून्य येते. खरा बदल उणे ०.६० हेक्टर. उलट ४७.४२चे ४७.५४ झाल्यावर कापूस ४७वरून ४८वर उडी मारतो, तिथे "१ टक्का वाढ" असा बाण लावू नये, ०.६० हेक्टर वाढ, एवढंच लिहावं. आणि पानाच्या माथ्यावर "मंगळवार सकाळी ६पर्यंतच्या नोंदी" अशी ओळ तारखेसह असू द्या, कारण सोमवारचा स्क्रीनशॉट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर फिरत राहतो.